व्होल्टेज वर-खाली होऊन उपकरणं जळतायत, न्यूट्रल तपासा : उपविभागाच्या इंजिनिअर साहेबांना पत्र

माननीय साहेब,

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, तीन विंग, 48 फ्लॅट. गेल्या महिन्याभरात ही आमची चौथी तक्रार आहे, आधीच्या तीन फोनवर केल्या होत्या म्हणून आता लेखी देतोय.

आतापर्यंत 2 फ्रिजचे कॉम्प्रेसर, 4 टीव्ही, एका वॉशिंग मशीनचं बोर्ड आणि लिफ्टचं कंट्रोल कार्ड गेलंय (लिफ्टमध्ये तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी होत्या, वीस मिनिटं आत अडकल्या). जळालेलं बहुतेक सामान बी विंगचं आहे, म्हणजे आर फेजवरचं, हे लक्षात आल्यावर आम्ही मोजायला घेतलं.

मेन पॅनलवर तुमची केबल येते तिथेच, आमच्या मेन स्विचच्या आधी, आमच्या इलेक्ट्रिशियनने लॉगर लावला, 11 दिवस, दर मिनिटाला रीडिंग. 14 तारखेला रात्री 8:42 ला न्यूट्रलशी मोजलेलं आर फेजला 293, वाय फेजला 178, बी फेजला 245 व्होल्ट, आणि त्याच मिनिटाला फेज टू फेज मात्र 404 ते 406, म्हणजे एकदम व्यवस्थित. असं 11 दिवसांत 17 वेळा झालं, बहुतेक संध्याकाळी 7 ते 10 मध्ये, 19 तारखेला तर वारा सुटला होता तेव्हा दुपारीच तीनदा.

तुमच्या ऑफिसमधून सांगितलं की लोड वाढलाय. साहेब, लोडमुळे असतं तर तिन्ही फेज खाली बसले असते ना, एक 293 वर कसा जाईल? फेज टू फेज बरोबर आणि न्यूट्रलशी मोजलं की एक वर एक खाली, हे न्यूट्रल ढिला किंवा तुटल्याचं लक्षण आहे. लाइनमन भाऊ दोनदा आले, डीपीवर न्यूट्रलचा लग आवळून गेले, चार दिवस बरं चाललं आणि परत तेच. त्यांचा दोष नाही, त्यांनीच सांगितलं की लग काळा पडलाय, बदलायला हवा, पण मटेरियल मिळत नाहीये.

तर कृपया डीपी ते आमच्या पॅनलपर्यंत न्यूट्रलचा प्रत्येक जॉइंट उघडून बघा, लग आणि खराब केबल बदला, डीपीचं न्यूट्रल अर्थिंग मोजून रीडिंग आम्हाला लेखी द्या. काम झाल्यावर 7 दिवस तुमचाच लॉगर लावा, आमच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. तोपर्यंत बी विंगवाल्यांना आम्ही संध्याकाळी फ्रिजसुद्धा बंद ठेवायला सांगितलंय, हे किती दिवस चालणार?

नुकसान भरपाईचा अर्ज वेगळा देतोय, रिपेअरच्या पावत्या त्याला लावल्यात. या पत्राला लॉगरची पूर्ण शीट आणि काळ्या पडलेल्या लगचा फोटो जोडलाय. पोच द्यावी ही विनंती.

आपला,
सेक्रेटरी, सोसायटी कमिटीतर्फे