दुसरे बिल

वर्षअखेरीची खाती बंद होण्यास एकच दिवस उरला असताना वसुधा खोकी पुरवणाऱ्या पार्टीचा खातेउतारा आपल्या खतावणीशी ताडून पाहत होती. असा फरक बहुधा उलट बाजूने निघतो; पुरवठादाराने बिल पाठवलेले असते आणि ते आपल्याकडे नोंदायचे राहिलेले असते. येथे मात्र पार्टी मागत होती त्यापेक्षा कंपनीच अधिक देणे दाखवत होती, आणि आपले येणे कमी दाखवणारा पुरवठादार वसुधाने अजून पाहिला नव्हता.

फरकाच्याच रकमेची दोन व्हाउचर तिला सापडली. एकावर बिल क्रमांक ००४५७ होता, दुसऱ्यावर नुसता ४५७. संगणक क्रमांक जसाच्या तसा जुळवून पाहत असल्याने त्याला ही दोन वेगळी बिले वाटली होती. तरीही तिने घाई केली नाही, कारण ही पार्टी दर महिन्याला सारखाच माल पाठवत असे आणि दोन खेपांची रक्कम एकच असणे अशक्य नव्हते. तिने गोदामाची आवक नोंद मागवली. माल एकदाच उतरला होता. पहिले बिल खरेदी आदेश आणि आवक पावती जोडून रीतसर नोंदले गेले होते. ईमेलने आलेली त्याचीच प्रत मात्र, जोडायला पावती न मिळाल्यामुळे, कोणीतरी ‘इतर खर्च’ या खात्यात टाकली होती. त्या खात्यात काय काय जाऊन बसते, हे हिशेबनिसांना वेगळे सांगायला नको. पहिल्या बिलाचे पैसे केव्हाच दिले गेले होते आणि दुसरे उद्याच्या देयक यादीत होते.

“तेरीज लेखापरीक्षकांकडे गेली आहे,” साहेब म्हणाले. “उद्याच्या यादीतून नाव काढा. उलट नोंद नव्या वर्षात करू.”

“साहेब, पैसे थांबतील, पण खर्च या वर्षात दोनदा दिसेल आणि करवजावटही दोनदा घेतली जाईल. शिवाय शिल्लक पडताळणीचे पत्र पार्टीकडून थेट त्यांच्याकडे जाणार आहे. फरक त्यांना दिसेलच.”

“दुसऱ्या व्हाउचरवर सही कोणाची आहे?”

“आपलीच आहे.”

त्यांनी व्हाउचर हातात घेऊन तारीख पाहिली आणि लेखापरीक्षकांना फोन लावून सुधारित तेरीज संध्याकाळपर्यंत येईल असे कळवले.

“ही नोंद पुसूनच टाकू का?” शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलाने विचारले.

“नाही. पुसली तर व्हाउचरच्या क्रमांकात खंड पडेल, आणि तो कशामुळे पडला हे कोणालाही सांगता येणार नाही,” वसुधा म्हणाली. तिने पार्टीचे खाते नावे टाकून खर्च आणि कर जमा केला, तपशिलात दोन्ही बिल क्रमांक लिहिले, आवक नोंदीची प्रत जोडली आणि कागद सहीसाठी पुढे केला.

साहेबांनी सही केली, पण कागद लगेच परत दिला नाही. “शून्ये गाळून नोंदलेली आणखी किती बिले असतील?”

वसुधाने वर्षभराची खरेदी यादी उघडली आणि ती आधी पार्टीनुसार, मग रकमेनुसार लावायला घेतली.