इराचं पहिलं वर्ष: सातारच्या आजी-आजोबांकडून

या वहीतलं निम्मं लिखाण आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरून उतरवलंय. दुधाचा हिशोब मी त्याच्या चौकटींत मांडते. तू आलीस आणि 'दीड लिटर'च्या शेजारी तुझं काहीबाही जायला लागलं. आजोबा म्हणाले, रद्दीत जायच्या आत वहीत घे.

१७ जुलै २०२४, बुधवार
आषाढी एकादशी. पहाटे ४ वाजून १० मिनिटं. वजन २ किलो ८५० ग्रॅम, केस भरपूर, आवाज त्याहून भरपूर. माझा उपास, त्यामुळे पेढे वाटले आणि स्वतः चाखले नाहीत. विठाईपासून रखुमाईपर्यंत सगळी नावं सुचवून झाली. आजोबांनी परस्पर 'चंद्रभागा' ठरवलं. ते अजून तुला चंद्रा म्हणतात, तूही त्यालाच वळून बघतेस.

२१ जुलै
पाचवी पुजली. नेमकी गुरुपौर्णिमा. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाई रात्री येऊन नशीब लिहिते म्हणून. सकाळी कागद कोराच होता. तो या पानाला चिकटवलाय.

२५ जुलै
पुण्यात पावसानं कहर केला, सिंहगड रोडला घराघरांत पाणी शिरलं. तुझे बाबा तिकडेच. दिवसभर फोन लागेना. तुझी आई तुला मांडीवर घेऊन नुसती बसून होती. रात्री नऊला त्यांचा फोन आला, "पार्किंगमधली गाडी भिजली, मी कोरडा आहे."

२८ जुलै, बारसं
पाळण्याखालून-वरून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. आत्यानं कानात कुर्रर्र करून 'इरा' सांगितलं आणि पाठीत धपाटे खाल्ले. माझ्या लग्नातल्या जांभळ्या नऊवारीची गोधडी तुझ्या अंगाखाली होती. तिचे टाके वाकडे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी घातलेत, समजून घे.

ऑगस्ट
गुटीवरून आमचं वाजलं. तुझ्या आईला मी याच सहाणेवर मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, वेखंड उगाळून दिलंय. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. मग सहाण धुऊन फडताळात ठेवली. तेलानं चोळून न्हाऊ घालायचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं.
३० तारखेच्या चौकटीत लिहिलंय: 'हसली. झोपेत नाही, माझ्याकडे बघून.' आजोबांचं म्हणणं, त्यांच्याकडे बघून. चौकट माझी आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा
तू पुण्याला आपल्या घरी गेलीस. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत झोपली होतीस म्हणे. त्यानंतरचे बरेच दिवस कालनिर्णयवर नुसतं दूध आहे. तेही अर्धा लिटर.

*(आजोबांचं अक्षर)* पालथी पडलीस ते आम्ही फोनवर पाहिलं. तुझ्या आईनं फोन आडवा धरला होता, त्यामुळे मला तू भिंतीवर चढतेयस असं वाटलं. तारीख हिनं लिहून ठेवली नाही, मी ठेवलीय: २४ नोव्हेंबर.

१७ जानेवारी २०२५, उष्टावण
आमच्यात मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. मी पाचवा म्हणत होते, डॉक्टर सहा पुरे झाल्यावर. सहा संपले की सातवा लागतोच, हे आजोबांच्या लक्षात आलं. दोघांचं राहिलं. मामानं चांदीच्या वाटीतली खीर भरवली, तू ती त्याच्याच चष्म्यावर उडवलीस.

१९ जानेवारी, बोरन्हाण
काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हार, वाळे. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. शेजारची पोरं वेचायला तुटून पडली. त्या गडबडीत तू मुकुटाचा एक दाणा तोंडात घातलास आणि तो काढताना आमचे सगळ्यांचे प्राण कंठाशी आले. फोटोत सगळे हसतायत, तो त्याच्या आधीचा आहे.

मार्च
पहिला दात खालचा. वरचा आधी आला तर मामाला जड, त्यामुळे मामा रोज फोन करून चौकशी करत होता. स्वतःला इंजिनीअर म्हणवतो.
पाडव्याला, ३० तारखेला, इथे आलीस ती रांगतच. गुढीची साखरेची गाठी निम्मी चोखलीस.

६ जुलै
तिथीनं वाढदिवस. पुन्हा आषाढी, म्हणून केकऐवजी भगर आणि दाण्याची आमटी. औक्षण करताना निरांजन धरायला झेपावलीस. संध्याकाळी ओसरीचा खांब सोडून तीन पावलं टाकलीस आणि चौथ्याला आजोबांच्या धोतरात अडकलीस.

१७ जुलै
तारखेनं वाढदिवस, पुण्यात. केक तुझ्या आईनं केला, बरा झाला होता. वजन ८ किलो ६००.

शेवटच्या पानाला आजोबांनी पाकीट डकवलंय. त्यात दवाखान्यातली मनगटाची पट्टी आहे, आणि हलव्याच्या हाराचा नुसता दोरा. हलवाही ठेवायचा होता, पण मुंग्या लागतात.