स्नेहसंमेलनाच्या संचालनाची संहिता: माझे शेरे

मॅडम,

संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचली. नववीच्या दोघांसाठी भाषा छान सोपी आहे, स्वागताचं पान तर तसंच ठेवा. बाकी शेरे खाली आहेत.

आधी वेळ. संचालनाचाच मजकूर वीस मिनिटांचा होतो. चौदा सादरीकरणं तुमच्या तक्त्याप्रमाणे १०५ मिनिटं, दीपप्रज्वलन आणि स्वागत १५, भाषणं २०. छत्तीस बक्षिसांना तुम्ही पाच मिनिटं धरलीत. नाव, मंचावर येणं, फोटो, उतरणं यात एका मुलाची वीस सेकंदं जातात, म्हणजे बारा मिनिटं. एकूण १७२. साडेपाचला सुरू केलं तर जवळजवळ साडेआठ होतात आणि पत्रिकेत आठ छापलंय. बक्षिसं सहा-सहाच्या गटात द्या. नावं वाचेपर्यंत पुढचे सहा जण पायऱ्यांशी उभे असावेत आणि फोटो गटाचा एकच काढावा. सहा मिनिटं तिथे वाचतात, आठ खालच्या काटछाटीतून.

बालवाडीचं नृत्य अकराव्या क्रमांकावर आहे, ते दुसऱ्यावर आणा. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो आणि पटांगणावर गारठा लगेच उतरतो. पातळ कपड्यांतली ती लेकरं साडेसातपर्यंत पडद्यामागे कुडकुडत बसतील.

आता जोडवाक्यं. दोन नृत्यांच्या मध्ये रंगमंच पंधरा सेकंदांत मोकळा होतो, तिथे तुम्ही अर्ध्या पानाची कविता दिलीय. नाटिकेपूर्वी मात्र खाट, चूल, बैलगाडीचं चाक मांडायला दोन मिनिटं लागतात आणि तिथे ‘चला तर मग पाहूया’ एवढंच आहे. नेमकं उलट हवं. मागे काय चाललंय त्यावरून पुढचा मजकूर ठरवा. नाटिकेआधी सव्वादोनशे शब्द लागतील. त्यासाठी मुलांनीच लिहिलेली कापूस वेचणीची माहिती घ्या. बोंड कसं फुटतं, एका दिवशी किती वेचलं जातं, हे त्यांनी घरी आजी-आजोबांना विचारून आणलंय. शेवटचा परिच्छेद सुटा ठेवा. मांडणी लवकर झाली तर पडद्यामागून हात दिसताच तो गाळायचा.

नाटिकेत कर्जबाजारी शेतकऱ्याची लेक शाळा सोडते आणि लगेच संचालिका म्हणते, ‘वातावरण फारच गंभीर झालं, आता जरा धमाल करूया!’ हे वाक्य काढाच. समोर बसलेल्यांत कुणाच्या घरी हे घडून गेलेलं असेल. पडदा पडल्यावर पाच सेकंद काही बोलू नये. मग एवढंच: ‘ही नाटिका आठवीच्या मुलांनी स्वतः लिहिली. आता सातवीचा वाद्यवृंद.’ वाद्यवृंदाआधी बाकी काहीच नको.

दंडारीबद्दल ‘खेड्यातल्या भोळ्याभाबड्या लोकांची करमणूक’ असं लिहिलंय. हे मला लागलं. आपल्या वर्गात भंडारा-गडचिरोलीहून आलेली मुलं आहेत. असं म्हणा: ‘भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. तिथली दंडार आज सहावीची मुलं सादर करत आहेत.’

भरतीची वाक्यं मी लाल शाईने खोडलीत. ‘आवाज पोहोचला नाही, टाळ्या आणखी जोरात!’ सात वेळा आलंय. जे मूल नुकतंच नाचून गेलं, त्याला वाटतं आपलं काही चुकलं. ‘वेळ न दवडता’ चार वेळा. ‘ज्यांची आपण आतुरतेने वाट पाहत होतो’ प्रत्येक पाहुण्याला लावलंय, तिथे नाव आणि काम सांगा, पुरे. हिंदी शायरी एकच ठेवा, समूहगीताआधीची. लठ्ठ मुलावरचा विनोद नको, संचालकांच्या आपसातल्या ‘तू उशिरा का आलीस’ या संवादालाही जागा नाही.

पान २ वर ‘पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे’ असं पक्कं लिहिलंय. पाहुणे सिव्हिल लाइन्सकडून येणार आणि हिवाळी अधिवेशन सुरू असलं की तिकडचे रस्ते वळवलेले असतात. पिवळ्या कागदावर दुसरा मार्ग लिहून द्या: पाहुणे पोहोचले नसतील तर स्वागतगीत, बालवाडीचं नृत्य, मग दीपप्रज्वलन. ‘पाहुणे वाहतुकीत अडकलेत’ हे माइकवर सांगायचं नाही. कुठला कागद वाचायचा हे मुलांनी ठरवायचं नाही, तुम्ही बाजूला उभं राहून सांगायचं.

माइक बंद पडला तर काय, हेही कुठे नाही. मुलांना सांगून ठेवा: गप्प उभं राहायचं, ‘हॅलो, हॅलो’ करायचं नाही, ध्वनिवाल्या दादांकडे बघायचं.

आभाराच्या यादीत शिपाई काका आणि मंडपवाले शेवटी ‘इतर सर्व’ मध्ये गेलेत. त्यांना पदासकट वर घ्या. देणगीदारांची नावं पत्रिकेत छापलेलीच आहेत, ती पुन्हा वाचू नका. राष्ट्रगीताआधी ‘कृपया जागेवर उभे राहावे’ एवढंच वाक्य असावं. त्याच्यामागे लिहिलेल्या जेवणाच्या कुपनाच्या सूचना राष्ट्रगीत झाल्यावर द्या.

दुरुस्त प्रत गुरुवारी मधल्या सुट्टीत आणा. दोघांना रंगमंचावर उभं करून, पडदा आणि सामान हलवत एकदा पूर्ण वाचून घेऊ.