पहिल्याच वाक्यात मेलेला माणूस

"ओ सर, शेवट पहिल्याच वाक्यात फोडलाय की! आता पुढं वाचायचं काय?" गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड' वाचायला घेतली त्या दिवशी मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका तासात मावलं नसतं, म्हणून तृतीय वर्षाच्या वर्गासाठी हे लिहून देतोय.

१९८१ साली स्पॅनिशमध्ये आलेली ही कादंबरी जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची, पाच प्रकरणांची. सांतियागो नासारला आज मारणार आहेत हे आपल्याला पहिल्याच वाक्यात कळतं. मारणारे कोण, कशासाठी मारणार, हेही फार वेळ लपवलेलं नाही. आंखेला विकारियोला, ती कुमारिका नाही म्हणून, लग्नाच्या रात्रीच नवरा बायार्दो सान रोमान माहेरी आणून सोडतो. 'कोण होता तो' असं घरचे दरडावून विचारतात तेव्हा ती सांतियागोचं नाव घेते आणि तिचे जुळे भाऊ, पेद्रो आणि पाब्लो, डुकरं मारायच्या सुऱ्या घेऊन निघतात. 'काय होणार' ही उत्सुकता लेखकाने आपल्या हाताने संपवली. उरलं ते 'असं होऊ कसं दिलं'. जुळे भाऊ भेटेल त्याला सांगत सुटलेत की आम्ही त्याला मारणार. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला माहीत आहे, फक्त ज्याला मारायचंय त्याच्या कानावर अगदी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत काही जात नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडणार हे सगळ्या सोलापूरला ठाऊक असतं, तरी माणूस टाचा उंचावून उभा राहतो. पण मार्केझ नुसतं ताटकळत ठेवत नाहीत. ते काळाची मोडतोड करतात, आणि ती कशी केलीय हे पाहायला प्रकरणांचे शेवट एकाखाली एक ठेवून बघा.

पहिलं प्रकरण संपताना निवेदकाची आई सांतियागोच्या आईला सावध करायला घाईने निघालेली असते आणि वाटेत तिला कळतं, उशीर झाला, त्याला मारलं. दुसरं प्रकरण मागे जातं: बायार्दो गावात कसा आला, लग्न कसं ठरलं, वरात कशी झाली. ते संपतं आंखेला नाव घेते तिथे. तिसरं आदल्या रात्रीत शिरतं आणि पुन्हा मेल्याच्या बातमीवरच थांबतं. चौथ्यात शवविच्छेदन, आणि मग कित्येक वर्षांनंतरची हकिकत. खून प्रत्यक्ष घडताना दिसतो तो पाचव्यात. म्हणजे मेल्याची बातमी दोनदा आली, प्रेत फाडून झालं, आणि मग मारेकरी सुरी उगारतात. शवविच्छेदनात जखमा आधीच मोजून झालेल्या असल्याने शेवटच्या पानांवर प्रत्येक वार कुठे बसणार हे आपल्याला पाठ असतं, आणि त्यामुळेच ती पानं वाचणं जड जातं.

फ्लॅशबॅक म्हणजे 'पात्राला जुनं काही आठवलं' एवढंच तुम्ही पेपरात लिहिता. इथे अख्खी कादंबरीच आठवण आहे. निवेदक सत्तावीस वर्षांनी गावात परतून एकेकाला विचारत फिरतो, आणि लोकांच्या आठवणी जुळत नाहीत. त्या सकाळी लख्ख ऊन होतं असं काही सांगतात, आभाळ भरून आलं होतं असं काही. या गोंधळाचा लेखकाला फायदा असा, की ज्या क्षणी गोष्ट शेवटाकडे धावायला लागते त्या क्षणी एखाद्या साक्षीदाराचं तोंड मध्ये आणून ती थांबवता येते. लग्नाचं लांबलचक प्रकरण मला पहिल्या वाचनात कंटाळवाणं वाटलं होतं. पण ते काढून टाका आणि बघा, आंखेलाने घेतलेल्या नावाला वजनच राहत नाही.

आता पूर्वसूचनेकडे. तुमच्यापैकी बहुतेकांनी सांतियागोचं स्वप्न लिहिलंय: झाडं, रिमझिम पाऊस, जाग आल्यावर अंगावर पक्ष्यांची विष्ठा पडल्यासारखं वाटणं. माझ्या मते हे पुस्तकातलं सगळ्यात फसवं ठिकाण आहे. त्याची आई प्लासिदा लिनेरो स्वप्नांचा अर्थ लावण्यात वाकबगार, आणि तिलाच या स्वप्नात काही अशुभ दिसत नाही. शकुन इथे नंतर, पश्चात्तापातून सापडतात. खरी पूर्वसूचना साध्या वस्तूंमध्ये आहे.

स्वयंपाकघर घ्या. सकाळी घरची स्वयंपाकीण विक्तोरिया गुस्मान ससे सोलतेय आणि आतडी कुत्र्यांना टाकतेय. ते बघून सांतियागोला शिसारी येते, माणूस असता तर असं केलं असतंस का, अशा अर्थाचं तो बोलतो. वाचताना वाटतं, घरातलं एक चित्र दिलंय. चौथ्या प्रकरणात त्याच्या प्रेताभोवती कुत्री खवळतात, त्यांना आवरता येत नाही म्हणून मारावं लागतं. आणि शेवटच्या पानावर तो स्वतःची बाहेर आलेली आतडी हातात धरून, घराला वळसा घालून, मागच्या दाराने याच स्वयंपाकघरात येऊन कोसळतो. पहिल्यांदा वाचताना ससे निसटून जातात. दुसऱ्यांदा वाचताना त्या ओळीवरून नजर पुढे सरकत नाही.

त्याहून पक्कं काम दरवाजाचं. या घराचं पुढचं दार एरवी बंद असतं, सांतियागो मागच्याच दाराने ये-जा करतो. त्या दिवशी बिशप बोटीने येणार म्हणून तो पांढरे कपडे घालून पुढच्या दाराने बाहेर पडतो. आणि जुळे भाऊ वाट बघत बसलेत ते नेमके याच दारासमोर, क्लोतिल्दे आर्मेंताच्या दूधाच्या दुकानात. जो माणूस मागून जातो त्याची पुढे वाट का बघावी? त्यांना मारायचंच नव्हतं, कुणी अडवावं म्हणून ते बसले होते, असं वाचायला लेखक पूर्ण जागा ठेवतो. याच दाराखालून कुणीतरी धोक्याची चिठ्ठी आत सरकवलेली असते, ती जमिनीवर पडून राहते, जाताना ती कुणालाच दिसत नाही. बिशपची बोट तर थांबतही नाही. आता पाचवं प्रकरण: सांतियागो जीव घेऊन याच दाराकडे धावतो. मुलगा वर खोलीत आहे अशी आईची समजूत. तिला दिसतात ते फक्त सुऱ्या घेऊन धावत येणारे भाऊ, म्हणून मुलाला वाचवायला ती दाराला आतून अडसर घालते. दार पहिल्या प्रकरणापासून आपल्या डोळ्यांसमोर उभं होतं. लेखकाने काहीही लपवलं नव्हतं, फक्त कुठली गोष्ट कधी दाखवायची हे स्वतःकडे ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याने शेवटपर्यंत दिलेली नाही. आंखेलाने घेतलेलं नाव खरं होतं का? सांतियागोचं तिच्याशी काही होतं असा धागा पुस्तकात कुठेच सापडत नाही, आणि दुसरा कोण, तेही नाही. खुनाबद्दलची प्रत्येक वेळ, प्रत्येक जखम मिळते आणि ज्यावरून खून झाला ती गोष्ट रिकामी राहते. कित्येक वर्षांनी बायार्दो आंखेलाने पाठवलेली जवळपास दोन हजार पत्रं घेऊन परत येतो, एकही न उघडलेलं. हे वाचताना मला दाराखालची चिठ्ठी आठवते. तुम्हाला तसं वाटत नसेल तर पुढच्या निबंधात माझ्याशी वाद घाला, पण चौथ्या प्रकरणातली पानं उघडून घाला.