पांगाऱ्याचं पान

ओंकार पेनात शाई भरत होता. कोपर लागलं, दौत आडवी झाली आणि निळी शाई बाबांच्या झाडांच्या पुस्तकावर सांडली, उघड्या पानावरच. त्याने घाईघाईने रुमालाने पुसायला घेतलं आणि तिथेच घोळ झाला. बोटभर डाग हातभर फिरला, आणि भिजून लिबलिबीत झालेला कागद कडेपासून दोन इंच फाटला.

बाबा एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडी घेऊन गेलेले, उद्या संध्याकाळी साताऱ्यात परतणार. रस्त्यात दिसलेली झाडं ते या पुस्तकाच्या समासात पेन्सिलने टिपून ठेवायचे. शाई नेमकी त्या टिपणावरच पडली होती.

दोन घरं पलीकडे दिगंबरकाका राहायचे. त्यांचा सारा जन्म बाइंडिंगमध्ये गेला होता. पुस्तक उघडंच धरून ओंकार त्यांच्या दारात उभा राहिला.

"मिटलं नाहीस ना? मग निम्मं काम झालं," काका म्हणाले. मिटलं असतं तर शाई समोरच्या पानावर उठली असती.

त्यांनी पानाखाली टीपकागद सरकवला, वर दुसरा ठेवून तळहाताने नुसता दाबला. "घासायचं नाही. घासलं की शाई तंतूंत शिरते." टीपकागद निळा झाला की नवा घालायचा. पाचव्या खेपेला तो जवळजवळ कोरा निघाला.

"लिंबू लावू का? आजी कपड्याला लावते."

"कपडा धुऊन आम्ल निघून जातं. कागदात ते राहतं. कागद पिवळा पडतो, मग घडीवर तुटतो. ब्लीच तर त्याहून वाईट. शाई कुठली होती?"

"धुऊन जाणारी. रॉयल ब्लू."

काकांचा चेहरा मोकळा झाला. लोह असलेली निळी-काळी असती तर ते लोह कागदात बसलं असतं, मग ती निघणं अवघड. तरी त्यांनी आधी छापील मजकुराच्या एका अक्षरावर ओला कापूस टेकवून पाहिला. छपाईची शाई हलली नाही. मग इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड पाणी वाटीत घेतलं, काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात बुडवून पिळला आणि ओंकारच्या हाती दिला.

"बाहेरून आत. काडी फिरवत न्यायची, ओढायची नाही. आणि ओल डागाच्या कडेशी थांबवू नकोस, नाहीतर वाळल्यावर तिथे तपकिरी रेघ उमटते. कडेपलीकडे थोडी पसरव."

प्रत्येक फिरवणीनंतर टीपकागद. कापूस निळा झाला की फेकायचा. तासाभराने डाग फिकट आकाशी झाला आणि तिथेच अडला. ओंकारला अजून घासायचं होतं. काकांनी काडी काढून घेतली. "कागदावर लव उठायला लागली बघ. इथे थांबायचं."

त्यांनी पान दिव्याकडे तिरकं धरलं. आकाशी डागाखाली पेन्सिल चमकली: 'पांगारा, केळघर घाट, फेब्रुवारी.' शिसं पाण्यात विरघळत नाही. ते जिथल्या तिथे होतं.

फाटलेल्या जागेसाठी खळ हवी होती. दुकानातल्या खळीत मोरचूद असतो. तो पुठ्ठ्याला चालतो, पानाला नको. आजीकडे कुरडयांसाठी वाळवून ठेवलेलं गव्हाचं सत्त्व होतं. ते उत्तम, कारण त्यात पिठातला चिकट भाग उरलेला नसतो. कीड त्याला जास्त लागते. दोन चमचे सत्त्व, दहा चमचे पाणी. ओंकार मंद आचेवर वीस मिनिटं ढवळत राहिला, घट्ट झालं की थोडं पाणी घालत. पांढरं पिठूळपण जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली, तेव्हा काकांनी ती गाळून सायीइतकी पातळ केली.

पातळ जपानी कागदाची पट्टी त्यांनी कात्रीने कापली नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढून बोटांनी फाडली, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि तेच पानाला धरतात. फाट नीट जुळवून ओंकारने पट्टी बसवली. पहिली सुरकुतली, कारण खळ जास्त झाली होती. सोलून दुसरी लावली. दोन्ही बाजूंना बटर पेपर, त्यावर टीपकागद, वर पोळपाट आणि वरवंटा. ओल राहिली तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून झोपेपर्यंत तो दर तासाला टीपकागद बदलत होता.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. पुस्तक जागेवर नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"बाबा, माझ्याकडून शाई सांडली. पान फाटलं, ते माझ्या पुसण्याने. डाग थोडा राहिलाय."

बाबा काही न बोलता वरवंटा उचलायला वाकले.

"नको! रविवारपर्यंत दाबाखाली ठेवायचंय. आत्ता काढलं तर पान वाकडं वाळेल."

बाबांनी हात मागे घेतला. "माझं टिपण?"

"आहे. तिरकं धरलं की वाचता येतं."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्याच्या शेजारी खाली बसले. "टीपकागद पुन्हा कधी बदलायचा? मला दाखव."