बेड नंबर १४ कडून

प्रति,
हृदयशस्त्रक्रिया विभागातील सर्व डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा यांस

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी बाबा चाळीचा जिना स्वतः चढून आले. मध्ये एकदा थांबले, पण कुणाचा हात धरला नाही. तेव्हाच ठरवलं, आज पत्र लिहायचंच.

सर, तुम्ही केसपेपरच्या मागे हृदयाचं चित्र काढून तिन्ही ब्लॉकेज दाखवलीत. पायातली शीर काढून तिथे जोडणार म्हटल्यावर बाबांनी विचारलं, "मग पायाला कमी नाही पडणार?" तुम्ही हसला नाहीत. पायात खोलवर दुसऱ्या शिरा असतात, त्या काम सांभाळतात, हे पुन्हा सांगितलंत. त्या रात्री बाबा शांत झोपले. आम्ही नाही झोपलो.

ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं तेव्हा आमचा धाकटा भाऊ वॉर्डमधल्या निवासी डॉक्टरांवर आवाज चढवून बोलला. आधी इमर्जन्सी घ्यावी लागली हे नंतर कळलं. तो ओशाळलाय, माफी मागायला समोर यायची हिंमत होत नाही, म्हणून इथे आम्हीच मागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनला त्याच डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, "पंपवरून काढलं, हृदय आपलं आपण चाललंय." आई तिथेच बाकावर बसली.

तो पंप चालवणाऱ्यांना पर्फ्युजनिस्ट म्हणतात, हेही आम्हाला तेव्हाच समजलं. बाबांचं हृदय थांबवलेलं असताना त्यांचं रक्त तुम्ही फिरवत होतात, आणि तुमचा चेहराही आम्ही पाहिलेला नाही. भूलतज्ज्ञ मॅडमना निदान मास्कमध्ये पाहिलं होतं.

आयसीयूतल्या सिस्टर, बाबा शुद्धीवर आल्यावर कठड्यावर दोनदा टकटक करत होते आणि तोंडात नळी असल्याने तुम्हाला अर्थ लागत नव्हता. ते बेस्टमध्ये एकतीस वर्षं कंडक्टर होते. दोन ठोके म्हणजे डबल बेल, जाऊ द्या गाडी. आम्हाला भेटायला सोडलं तेव्हा हे तुम्हाला सांगितलं, आणि नळी निघेपर्यंत तुम्ही त्यांच्याशी ठोक्यांतच बोललात. ही गोष्ट ते आता मजल्यावरच्या प्रत्येकाला सांगतात, दर वेळी थोडी वाढवून.

मावशी, खोकताना उशी छातीशी धरायची तुम्ही लावलेली सवय त्यांना इतकी लागलीय की घरीही ती उशी कुणाला देत नाहीत. श्वास आत ओढायच्या यंत्रातल्या दोन गोळ्या वर जातात, तिसरी अजून अडून बसते.

मंगळवारी ओपीडीला येतोय. आईने नारळाच्या वड्या करायला घेतल्यात, त्या वॉर्डमध्ये ठेवून जाऊ. त्यातली एक तरी आपल्याला मिळावी असं बाबांचं म्हणणं आहे. डॉक्टर, तुम्हीच त्यांना काय ते सांगा.

आपले कृतज्ञ,
बाबांची मुलगी, दोन मुलगे आणि आमची आई
लालबाग, मुंबई