कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट आणि ते मध्येच अडकलं तर

मालवणच्या आपल्या स्टुडिओतल्या दोन्ही कॅनन ईओएस आर६ बॉडी तुळशीच्या लग्नाआधी अपडेट करायच्या आहेत. त्यानंतर जत्रा सुरू होतात, लग्नाच्या ऑर्डरी येतात आणि कॅमेरा टेबलावर अर्धा तास स्वस्थ ठेवायलाही वेळ मिळत नाही. हे काम या वेळी तुम्ही करणार आहात, म्हणून सगळं लिहून ठेवते. कामाला बसण्याआधी शेवटपर्यंत वाचा. अडकल्यावर वाचायचा भागही आधीच वाचा, कारण तेव्हा हात घाईत असतो आणि नुकसान घाईतच होतं.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही बॉडी एकाच दिवशी घ्यायच्या नाहीत. एक करा, तिच्यावर दोन-तीन दिवस काम करून बघा, मग दुसरी. आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डर असेल तर त्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. काल रात्री नीट चालणारा कॅमेरा सकाळी मंडपात नीट चालणं हे नव्या सुविधेपेक्षा जास्त मोलाचं आहे.

तयारी

बॅटरी पूर्ण भरलेली आणि मूळ कंपनीचीच हवी. दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त बॅटऱ्या आपण दशावताराच्या रात्रीला जादा म्हणून नेतो, त्या कामाला त्या ठीक आहेत. पण त्यांच्यावर कॅमेरा जी टक्केवारी दाखवतो, तिच्यावर अपडेटच्या वेळी भरवसा ठेवता येत नाही. बॅटरी घालण्याआधी तिच्या सोनेरी पट्ट्या उजेडात धरून बघा. आपल्याकडे समुद्राच्या हवेने त्यांच्यावर हिरवट-काळसर थर येतो, बोटाला लागत नाही पण दिसतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. पाणी नको, तोंडाची वाफही नको. कार्डाच्या पट्ट्याही तशाच बघा. दुसरी पूर्ण भरलेली मूळ बॅटरी शेजारी काढून ठेवा, गरज पडली तर ती शोधत बसायला नको.

कॅमेरा एसीच्या खोलीतून आत्ताच काढला असेल किंवा पावसातून आणला असेल, तर तासभर तसाच राहू दे. काचेवर दव धरतं तसं आतही धरतं.

कार्ड १६ किंवा ३२ जीबीचं, साधं आणि चांगलं चालणारं घ्या. त्यावर ग्राहकाचे फोटो नाहीत हे दोनदा तपासा, मग ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर केलेलं फॉरमॅट चालेलही, पण कॅमेऱ्याने स्वतः केलेलं त्याला हमखास ओळखता येतं.

तुमच्या सेटिंग्ज, विशेषतः `C1`, `C2`, `C3` वर बसवलेल्या, जपून ठेवा. त्या कार्डावर साठवायची सोय मेन्यूत आहे, ती दुसऱ्या कार्डावर वापरा. शिवाय मेन्यूच्या महत्त्वाच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. अपडेटमध्ये सेटिंग्ज सहसा जात नाहीत, पण गेल्याच तर रात्रीच्या नाटकाच्या उजेडासाठी जुळवलेलं सगळं पुन्हा आठवून बसवणं फार जिवावर येतं.

फाइल आणणं

फाइल कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्यायची. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली, ओळखीच्या फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिलेली, कुठलीच नको. साइटवर तुमचं मॉडेल नावानिशी निवडा. आर६ आणि आर६ मार्क टू वेगळे कॅमेरे आहेत, फाइलीही वेगळ्या. फाइलीबरोबरची सूचना वाचा, कधीकधी आधी मधली आवृत्ती घालून मग पुढची घालायला सांगितलेलं असतं. एकदा वर गेल्यावर जुन्या आवृत्तीवर परत येता येत नाही असं धरूनच चाला.

डाउनलोड लॅपटॉपवर करा, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नको. मागे एका पावसाळ्यात मी कार्डावर फाइल टाकत असताना लाइट गेली. इन्व्हर्टर त्या क्षणी धरला नाही आणि कॉम्प्युटर बंद पडला. कार्डावर फाइल दिसत होती, नावही बरोबर होतं, पण ती अर्धीच होती. कॅमेऱ्याने ती नाकारली म्हणून वाचले. त्या दिवसापासून मी कार्डावरच्या फाइलीचा आकार लॅपटॉपवरच्या मूळ फाइलीशी ताडून बघते. दोन्हीकडे बाइट्सचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत सारखा हवा.

डाउनलोड झालेली झिप आधी उघडायची. आत `.FIR` ने संपणारी फाइल असते. तीच कार्डावर टाकायची, झिप नाही. कुठल्याही फोल्डरमध्ये नाही, `DCIM` मध्ये तर नाहीच. कार्ड उघडल्यावर `DCIM` च्या शेजारी ती दिसली पाहिजे. तीच फाइल दोनदा डाउनलोड केली की नावापुढे `(1)` लागतो आणि मग कॅमेरा ती ओळखत नाही. नाव बदलून दुरुस्त करण्यापेक्षा ती काढून टाका आणि नव्याने घ्या. कार्ड लॅपटॉपमधून ओढून काढू नका, आधी इजेक्ट करा.

काही नव्या बॉडीत मोबाइलच्या अ‍ॅपमधूनही अपडेट करता येतं. आपल्याकडे रेंज खिडकीच्या एका बाजूला असते आणि दुसऱ्या बाजूला नसते, म्हणून ती वाट आपण घ्यायची नाही.

अपडेट

१. कॅमेरा बंद करून त्यात हे एकच कार्ड घाला, दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. फ्लॅश, माइक, रिमोट, केबल सगळं काढा.

२. मोड डायल `P` वर आणा आणि कॅमेरा चालू करा. हिरव्या ऑटो मोडमध्ये मेन्यू आखूड होतो आणि मग ओळ सापडत नाही म्हणून शोधत बसावं लागतं.

३. मेन्यूत पान्याच्या चिन्हाखालच्या पानांमध्ये `Firmware` ही ओळ शोधा. तिथे दिसणारी आत्ताची आवृत्ती कागदावर लिहून घ्या.

४. ती ओळ निवडा, कॅमेऱ्यासाठीचा पर्याय घ्या आणि `SET` दाबा. कॅमेरा कार्डावरची फाइल दाखवेल. आवृत्ती बरोबर आहे ना ते वाचा, मगच `OK`.

५. आता कॅमेरा सपाट टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. बटण नाही, डायल नाही, कार्डाचं झाकण नाही, पॉवरचा स्विच तर नाहीच.

६. पूर्ण झाल्याचा निरोप आला की `OK` दाबा. मग कॅमेरा बंद करा, बॅटरी काढून पुन्हा घाला, चालू करा आणि आवृत्ती बदलली का ते बघा. कार्ड कॅमेऱ्यात पुन्हा फॉरमॅट करा. चार फोटो, एक व्हिडिओ, ऑटोफोकस, दोन्ही स्लॉट, फ्लॅश तपासा.

निकॉनची पद्धत जवळपास हीच, फाइल `.bin` असते. फुजीत फाइलीचं नाव `FWUP` ने सुरू होतं आणि `DISP/BACK` दाबून धरून कॅमेरा चालू करावा लागतो.

मध्येच अडकलं तर

आधी आत काय चाललेलं असतं ते समजून घ्या, म्हणजे भीती कमी होईल. कॅमेरा फाइल आधी वाचून तपासतो. मग आतल्या फ्लॅश मेमरीतला जुना मजकूर टप्प्याटप्प्याने पुसून त्या जागी नवा लिहितो. लिहिताना वीज तुटली तर काही भाग जुना, काही नवा आणि काही कोरा राहतो. पण कॅमेरा जागा करणारा छोटा प्रोग्राम सहसा वेगळ्या जागी असतो आणि त्याला धक्का लागलेला नसतो. तो शाबूत असेल तर कॅमेरा कार्डावरची फाइल पुन्हा वाचू शकतो. म्हणून अडकलेला कॅमेरा मेला असं लगेच धरू नका, आणि म्हणूनच ते कार्ड काढून त्यावरची फाइल पुसू नका.

पट्टी एका जागी थांबली तर घड्याळात वेळ बघून लिहून ठेवा. मोठा भाग लिहिताना पट्टी हलत नाही, हे नेहमीचं आहे. स्क्रीन काळी होऊन कॅमेरा स्वतः पुन्हा चालू होणंही अपडेटचाच भाग असू शकतो. माझा नियम पूर्ण अर्ध्या तासाचा आहे. तेवढा वेळ आजीच्या मालवणी शब्दांत सांगायचं तर वगी रव, म्हणजे गप्प राहा. मोबाइलवर कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा फोटो मात्र काढून ठेवा.

अर्ध्या तासानंतरही काहीच बदललं नसेल तर पॉवरचा स्विच बंद करा आणि एक मिनिट थांबा. तरीही स्क्रीन तशीच असेल तर बॅटरी काढा. कार्ड तसंच राहू दे. पाच मिनिटांनी ती शेजारी ठेवलेली दुसरी भरलेली बॅटरी घाला आणि चालू करा. यानंतर चारपैकी एक होतं.

अपडेटची स्क्रीन परत आली तर ते उत्तम. पुन्हा `OK` द्या आणि पहिल्यासारखंच थांबा.

कॅमेरा जुन्या आवृत्तीवर नेहमीसारखा चालू झाला, तर काहीच बिघडलेलं नाही. त्याच कार्डाने लगेच पुन्हा प्रयत्न करू नका. दुसरं कार्ड घ्या, फाइल नव्याने डाउनलोड करा, आकार ताडा, मग करा.

फाइलीबद्दल किंवा कार्डाबद्दल एरर आली, तर तिचे शब्द आणि क्रमांक जसेच्या तसे लिहून घ्या. बॅटरी पुन्हा काढा, मग वरच्यासारखंच दुसऱ्या कार्डाने करा.

काहीच आलं नाही, स्क्रीन काळीच, तर लेन्स आणि कार्ड काढून फक्त बॅटरीवर एकदा चालू करून बघा. मग फाइल असलेलं कार्ड घालून एकदा. तेवढंच. तिसऱ्यांदा नाही. बटणं एकत्र दाबून कॅमेरा उठवायच्या युक्त्या ऐकू येतात, त्या आपल्या मॉडेलसाठी कंपनीने सांगितलेल्या नसतील तर करायच्या नाहीत. स्क्रू उघडायचे नाहीत. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात द्यायचा नाही, तिथला माणूस कितीही ओळखीचा असला तरी.

मग तो अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाणार. सोबत कागदावर लिहा: आधीची आवृत्ती, घालत असलेली आवृत्ती, फाइलीचं नाव, किती वाजता अडकलं, तुम्ही नंतर काय काय केलं. स्विच चुकून दाबला गेला असेल तर तेही लिहा. त्यावर मी रागावणार नाही, पण दडवलेली गोष्ट तंत्रज्ञाला चुकीच्या जागी शोधायला लावते. बिल आणि वॉरंटीचा कागद डाव्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. कॅमेरा सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह डब्यात बंद करा. मुंबईपर्यंतच्या प्रवासात दमट हवा लागायला नको.

लेन्सचं अपडेट असेल तर ते बॉडी नीट झाल्यावर वेगळ्या दिवशी. ती लेन्स बॉडीला लावलेली हवी, बाकी काळजी हीच.

पहिली बॉडी झाली की तारीख आणि नवी आवृत्ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दुसरीसाठी मला विचारून दिवस ठरवा.